किमान कर आणि पुढे ओढलेली जमा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य हिशेबवह्यांच्या सहवासात गेले. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात कराच्या एखाद्या कलमाची चिकित्सा केली तर ती अप्रस्तुत ठरणार नाही, अशा भरवशावर मी आजचा विषय निवडला आहे. मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेवर, म्हणजे आपण सारे जिला एलएलपी म्हणतो तिच्यावर, पडणारा पर्यायी किमान कर आणि त्या करापोटी भरलेल्या जादा रकमेची पुढील वर्षांत मिळणारी जमा, एवढाच तो विषय. विवेचन १९६१ च्या आयकर अधिनियमाला धरून आहे, आणि त्यातील सर्व आकडे त्याच अधिनियमाच्या अमलाखालील वर्षांचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू होत असल्यामुळे त्यानंतरच्या वर्षांसाठी नव्या कलमांचे आणि त्या त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाचे स्वतंत्र वाचन करावे लागेल, हे आरंभीच सांगून ठेवतो.

या कराची वंशावळ थोडक्यात सांगितली पाहिजे. भागधारकांना भरघोस लाभांश वाटणाऱ्या आणि सरकारी तिजोरीत मात्र एक पैही न भरणाऱ्या कंपन्यांचा बोलबाला झाला, तेव्हा १९८७ साली कंपन्यांच्या पुस्तकी नफ्यावर किमान कर बसविण्याची तजवीज झाली. पुढे तिची कलमे बदलत गेली, तरी मूळ कल्पना तीच राहिली. एलएलपीचा कायदा २००८ चा, आणि तो अमलात आला ३१ मार्च २००९ रोजी. करापुरती या संस्थेची गणना साध्या भागीदारी पेढीतच झाल्यामुळे कंपन्यांचा किमान करही तिला नव्हता आणि लाभांश वाटपावरील करही नव्हता. सवलतींच्या छत्राखालचा धंदा कंपनीऐवजी एलएलपीच्या नावाने केला की दोन्ही कर चुकतात, ही गोष्ट चतुर सल्लागारांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही, आणि सरकारच्या ध्यानात येण्यासही फारसा लागला नाही. २०११ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात बारा-बीए हे नवे प्रकरण घातले आणि एलएलपीवर साडेअठरा टक्क्यांचा पर्यायी किमान कर बसविला; दुसऱ्याच वर्षी तो कंपनीखेरीज इतर सर्व करदात्यांपर्यंत पसरविण्यात आला. व्यक्ती, अविभक्त हिंदू कुटुंब आणि तत्सम काही करदात्यांना वीस लाखांपर्यंत मोकळीक मिळाली. एलएलपीला तशी कोणतीही मर्यादा नाही, तिच्यासाठी हिशेब पहिल्या रुपयापासून सुरू होतो.

कंपन्यांचा किमान कर आणि हा कर यांच्यातला एक भेद प्रथम लक्षात घ्यावा, कारण त्याच्या विस्मरणातून पुष्कळ गोंधळ होतात. कंपनीच्या बाबतीत गणित नफातोटा पत्रकापासून चालू होते, तर येथे ते आयकर कायद्याप्रमाणे काढलेल्या एकूण उत्पन्नापासूनच चालू होते. मागील वर्षांचे तोटे त्यातून अगोदरच वजा झालेले असतात, शेतीचे उत्पन्न त्यात मुळात आलेलेच नसते, आणि घसारा आयकराच्या दरानेच धरलेला असतो. या एकूण उत्पन्नात फक्त तीन प्रकारच्या सवलती परत मिळवावयाच्या असतात. प्रकरण सहा-एच्या ‘क’ भागातील उत्पन्नाधारित वजावटी, सहकारी संस्थांचे ८०पी हे कलम वगळून, हा पहिला प्रकार. विशेष आर्थिक क्षेत्रातील युनिटांना मिळणारी कलम १०एएची वजावट हा दुसरा. आणि शीतगृहे, गोदामे यांसारख्या धंद्यांच्या भांडवली खर्चाला मिळणारी कलम ३५एडीची वजावट, जी २०१४ साली या यादीत आली आणि जिच्यातून नेहमीचा घसारा सोडून उरलेलाच भाग परत मिळवायचा असतो, तो तिसरा. याप्रमाणे जी बेरीज येते तिला समायोजित एकूण उत्पन्न म्हणतात. तिच्यावर साडेअठरा टक्क्यांनी कर काढावा, ती बेरीज एक कोटीच्या वर गेली तर बारा टक्के अधिभार लावावा, वर चार टक्के उपकर घ्यावा. आणि नेहमीच्या पद्धतीने येणारा कर याहून कमी असेल तर ही समायोजित बेरीज म्हणजेच त्या संस्थेचे एकूण उत्पन्न असे कायदा मानून चालतो.

परंतु या साऱ्या गणितात शिरण्यापूर्वी एक दरवाजा लागतो, आणि माझ्या मते सबंध प्रकरणाचे मर्म त्या दरवाजात आहे. कलम ११५जेईई असे सांगते की वरील तिन्हींपैकी एखादी वजावट ज्याने मागितली असेल त्यालाच हे प्रकरण लागू. ज्याने ती मागितली नाही त्याच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष कर साडेअठरा टक्क्यांहून कितीही कमी पडत असला तरी त्याला या कराची झळ लागत नाही. आणि ज्याने ती मागितली, मग ती रक्कम एकूण उत्पन्नाच्या मानाने कितीही क्षुल्लक असो, त्याचे सगळे उत्पन्न साडेअठरा टक्क्यांच्या मापाखाली येते. केवळ वजावटीपुरते नव्हे. देणगीबद्दलची ८०जी ही वजावट ‘क’ भागात नाही, म्हणून ती मागितल्याने दरवाजा उघडत नाही. नव्या कामगारांबद्दलची ८०जेजेएए मात्र ‘क’ भागात आहे आणि ती उघडते. सामान्य उत्पन्नावर एलएलपीचा दर तीस टक्के असल्यामुळे उत्पन्न सारेच धंद्याचे असेल तर वजावट एकूण बेरजेच्या अडतीस टक्क्यांच्या थोडी वर गेल्याशिवाय किमान कराचा काटा वर जात नाही, आणि म्हणूनच लहान वजावटी घेणाऱ्या संस्था निर्धास्त असतात. त्यांची ही निश्चिंती फसते ती उत्पन्नात कमी दराचा भांडवली नफा मिसळतो त्या वर्षी.

याचे एक उदाहरण आपण सावकाश सोडवू. ते मी व्याख्यानासाठी रचले आहे, पण त्याचे धागे रोजच्या कामातलेच आहेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग करून देणारी एक एलएलपी आहे असे समजा. तीन भागीदार, वर्षाची उलाढाल अकरा कोटींच्या घरात, आणि त्यामुळे कलम ४४एबीचे लेखापरीक्षण सक्तीचे. २०२२-२३ या वर्षी, जूनच्या पहिल्या तारखेला, तिने पाच नवे कामगार ठेवले, प्रत्येकी वीस हजार रुपये महिन्याने, पगार बँकेतून आणि भविष्यनिर्वाह निधीसह. पुढील मार्चअखेर दहा महिन्यांत त्यांच्यावर दहा लाख रुपये खर्च झाले. पगार महिना पंचवीस हजारांच्या आत आहे, नोकरीचे दिवस दोनशे चाळीसांहून अधिक भरले आहेत आणि कामगारांची एकूण संख्या खरोखरच वाढली आहे; तेव्हा या दहा लाखांच्या तीस टक्के, म्हणजे तीन लाख रुपये, एवढी जादा वजावट कलम ८०जेजेएएखाली तीन वर्षे मिळू शकते. त्याच वर्षी नव्या यंत्रासाठी पैसा उभा करावा म्हणून भागीदारांनी अनेक वर्षे सांभाळलेली इक्विटी म्युच्युअल फंडांची युनिटे विकली आणि त्यांत एकसष्ट लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. धंद्याचे उत्पन्न, भागीदारांचा मेहनताना व व्याज वजा जाता, वीस लाख आहे.

नेहमीच्या पद्धतीने कर असा येतो. धंद्याच्या वीस लाखांतून तीन लाखांची वजावट गेली, उरलेल्या सतरा लाखांवर तीस टक्क्यांनी ५,१०,००० रुपये. युनिटांच्या नफ्यातील एक लाख तेव्हाच्या कलम ११२एप्रमाणे करातून सुटला आणि साठ लाखांवर दहा टक्क्यांनी ६,००,००० रुपये. बेरीज ११,१०,०००, चार टक्के उपकरासह ११,५४,४००. हिशेबनिसाने हाच आकडा धरून आगाऊ कराचे हप्ते भरले आणि चलने फायलीला लावून तो मोकळा झाला. पण तीन लाखांच्या वजावटीने दरवाजा उघडलेला आहे. समायोजित उत्पन्न म्हणजे वीस लाख अधिक एकसष्ट लाख, एकूण एक्याऐंशी लाख. करातून सुटलेला तो एक लाखही येथे परत मोजला गेला. साडेअठरा टक्क्यांनी १४,९८,५०० आणि उपकरासह १५,५८,४४० रुपये. दोन्हींतील अंतर ४,०४,०४० रुपयांचे. आता याच संस्थेने कामगारांची ती वजावट मागितलीच नसती तर काय झाले असते, तेही पाहा: धंद्याच्या पूर्ण वीस लाखांवर सहा लाख, नफ्यावर सहा लाख, उपकरासह १२,४८,००० रुपये, आणि किमान कराचा प्रश्नच नाही. म्हणजे ९३,६०० रुपयांचा कर वाचविणाऱ्या सवलतीच्या मोहात त्या वर्षी ३,१०,४४० रुपये जास्त भरावे लागले.

त्यातच आगाऊ कराची गोष्ट येते. किमान करही आगाऊच भरावयाचा असतो, त्याला वेगळी मुदत नाही. भरलेली रक्कम देय कराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचत नाही असे आढळले की कलम २३४बीचे व्याज एप्रिलपासून दरमहा एक टक्का या दराने सुरू होते. लेखापरीक्षकाच्या नजरेस ही बाब जुलैमध्ये आली आणि त्याच महिन्यात रक्कम भरली असे धरले, तर चार महिन्यांचे सोळा हजारांवर व्याज त्या एका कलमाखाली पडते. हप्ते कमी पडल्याचे कलम २३४सीचे व्याज आणखी निराळे. हे व्याज कोणत्याही जमेत येत नाही, ते गेले ते गेले.

मूळ रकमेची गोष्ट मात्र तशी नाही. कलम ११५जेडी म्हणते की किमान कर नियमित करापेक्षा जितका जास्त भरला तितकी रक्कम करदात्याच्या नावे जमा धरावी, ती पुढे ओढावी, आणि ज्या वर्षी नियमित कर किमान कराहून अधिक येईल त्या वर्षी त्या दोहोंतील अंतराच्या मर्यादेत ती वळती करून द्यावी. आरंभी या जमेची मुदत दहा वर्षांची होती. २०१७ च्या वित्त अधिनियमाने ती पंधरा कर-आकलन वर्षांची केली. सरकार तिच्यावर व्याज देत नाही, हे कलमात स्पष्टच लिहिले आहे. जुन्या काळी सरकार रयतेला तगाई देई. येथे रयतेनेच सरकारला दिलेली ही तगाई आहे, तीही बिनव्याजी, आणि वसुलीची सारी जबाबदारी देणाऱ्याच्या अंगावर टाकून.

भोसरीच्या संस्थेची वसुली कशी होते ते पाहू. २०२३-२४ साली भांडवली नफा काही नाही, धंद्याचे उत्पन्न अठ्ठावीस लाख, कामगारांची वजावट पूर्ववत तीन लाख. पंचवीस लाखांवर नियमित कर उपकरासह ७,८०,००० रुपये. अठ्ठावीस लाखांवर किमान कर ५,३८,७२० रुपये. अंतर २,४१,२८० रुपयांचे, म्हणून तेवढीच जमा त्या वर्षी वळती होते आणि संस्था ५,३८,७२० रुपये भरते. शिल्लक राहिली १,६२,७६०. जमा पदरात पुरेशी असली तरी कर किमान कराच्या खाली उतरू शकत नाही, हा या तरतुदीचा कणा आहे. पुष्कळ भागीदार शिल्लक आहे म्हणून त्या वर्षी काहीच भरावयाचे नाही अशा समजुतीत असतात, आणि ती समजूत चुकीची असते. २०२४-२५ साली उत्पन्न तीस लाख, वजावट तीन लाख. नियमित कर ८,४२,४००, किमान कर ५,७७,२००, अंतर २,६५,२००. शिल्लक त्याहून कमी असल्यामुळे ती सगळीच वळती झाली आणि भरावयाचे राहिले ६,७९,६४० रुपये. आता तिन्ही वर्षांत प्रत्यक्ष भरलेल्या रकमांची बेरीज करावी: १५,५८,४४०, ५,३८,७२० आणि ६,७९,६४० मिळून २७,७६,८०० रुपये होतात. किमान कराचे प्रकरण कायद्यात नसतेच तर ११,५४,४००, ७,८०,००० आणि ८,४२,४०० भरावे लागले असते. त्यांचीही बेरीज २७,७६,८०० च आहे. पै न् पै परत आली. कामगारांच्या वजावटीचा फायदाही बुडाला नाही, तो उशिरा पोचला. गेले ते चार लाखांवरचे काही महिन्यांचे आणि वर्षांचे व्याज.

या उदाहरणातून एक अडाखा निघतो, जो मी माझ्या व्यवसायबंधूंना मुद्दाम सांगत असतो. सामान्य दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर तीस आणि साडेअठरा यांच्यात साडेअकरा टक्क्यांचे अंतर आहे. उपकरासह दर लाख रुपयांमागे ते ११,९६० रुपये होते. ज्या वर्षी वजावट नाही आणि भांडवली नफाही नाही त्या वर्षी दर लाखामागे एवढीच जमा वसूल होऊ शकते. ४,०४,०४० रुपयांची जमा परत मिळवायला सुमारे चौतीस लाखांचे साधे, सवलतीविना उत्पन्न पुढे यावे लागते. वजावटी असतील तर त्याहून अधिक. वर्षाला पंचवीस-तीस लाख मिळविणाऱ्या कारखान्याला हे अवघड नाही. परंतु युनिटे विकून आलेला पैसा वाटून घेऊन धंदा आवरता घेण्याचा विचार भागीदारांच्या मनात असेल, किंवा संस्थेत यापुढे गुंतवणुकीवरच्या दहा-बारा टक्के दराच्या नफ्याखेरीज दुसरे उत्पन्न राहणार नसेल, तर नियमित कर किमान कराच्या वर जाण्याची वेळच येत नाही आणि जमा कागदावर पडून पंधरा वर्षांनी रद्द होते. ती रोखीने परत मागता येत नाही, दुसऱ्याला विकता येत नाही. अशा संस्थेने ९३,६०० रुपयांची वजावट मागून चार लाखांवर पाणी सोडणे हा शुद्ध तोट्याचा सौदा होय. म्हणून ८०जेजेएएसाठी लागणाऱ्या फॉर्म १०डीएवर लेखापरीक्षकाची सही घेण्यापूर्वी भागीदारांना पुढील दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नाविषयी विचारले पाहिजे. हा प्रश्न त्या फॉर्मात छापलेला नसतो, आणि छापलेला नसल्यामुळेच तो विचारला जात नाही.

ज्यांची वजावट मोठी असते त्यांची कथा निराळी. विशेष आर्थिक क्षेत्रातील युनिटाला पहिली पाच वर्षे निर्यात नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळे. मान्यताप्राप्त नवउद्यमाला कलम ८०आयएसीखाली तीन वर्षे शंभर टक्के मिळते. अशा संस्थांना किमान कर टाळताच येत नाही, आणि जमाही वर्षानुवर्षे साचत जाते. सवलतीची वर्षे संपली की ती वापरावयाची. पण नेमकी त्याच वेळी कायद्यात एक विचित्र अडचण होती. वजावट संपली म्हणजे ती मागितली जात नाही, मागितली जात नाही म्हणजे दरवाजा बंद, आणि दरवाजा बंद म्हणजे सबंध प्रकरणच लागू नाही. मग त्याच प्रकरणातली जमा तरी कशी मिळावी? असा आक्षेप घेण्यास जागा होती. २०१४ साली कलम ११५जेईईमध्ये पोटकलम घालून अशाही वर्षी जमा मिळेल असे सांगण्यात आले, आणि ती फट बुजली. दरवाजाचे महत्त्व किती आहे याचा आणखी एक दाखला अलीकडचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात हीच अट गळल्यासारखी झाली होती, आणि तशी ती राहिली असती तर कोणतीही वजावट न घेणाऱ्या, केवळ साडेबारा टक्के दराचा भांडवली नफा मिळविणाऱ्या एलएलपीलाही साडेअठरा टक्के भरावे लागले असते. ऑगस्टमधील सुधारित विधेयकात ती दुरुस्त झाली.

आता ज्या गोष्टीचा आयकर कायद्यात उल्लेख नाही, पण जिच्यावरून भागीदारांत वाद होतात, तिच्याकडे वळतो. जमा ही संस्थेची असते, भागीदारांची नव्हे. नफ्यातील वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो, कारण त्यावरचा कर संस्थेने भरलेला असतो. आणि संस्थेने किमान कर भरला म्हणजे त्या वर्षीच्या तिघाही भागीदारांच्या वाटणीतून तो गेला. भोसरीच्या उदाहरणात थोरले भागीदार ३१ मार्च २०२३ रोजी निवृत्त झाले आणि त्यांचे भांडवल ताळेबंदाप्रमाणे चुकते केले, असे धरा. त्यांचा हिस्सा तिसरा असेल तर ४,०४,०४० पैकी १,३४,६८० रुपयांचा भार त्यांनी सोसला. वसुली मात्र पुढील दोन वर्षांत, उरलेल्या दोघांच्या आणि कदाचित नव्याने आलेल्या तिसऱ्याच्या पदरात पडली. ताळेबंदात ही जमा मालमत्ता म्हणून दाखविली असेल तर निवृत्तीच्या हिशेबात ती आपोआप येते. पण लहान संस्थांचे हिशेबनीस बहुधा सगळा कर खर्ची टाकून मोकळे होतात, आणि मग ती फक्त विवरणपत्राच्या एका रकान्यात राहते, जो निवृत्त होणाऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो. पुढील वसुली वाजवी खात्रीची असेल तर ती जमेच्या बाजूला दाखवावी, खात्री नसेल तर दाखवू नये, हेच योग्य. कंपनीची एलएलपी करू पाहणाऱ्यांनाही येथे सावध करतो: कंपनीच्या नावे साचलेली किमान कराची जमा नव्या एलएलपीला मिळत नाही, असे कलम ११५जेएएमध्येच म्हटले आहे, आणि रूपांतराच्या दिवशी ती सोडून द्यावी लागते.

कागदपत्रांविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण जमा बुडते ती पुष्कळदा कायद्याने नव्हे, दप्तरदिरंगाईने. किमान कराच्या गणिताचा लेखापरीक्षकाचा दाखला फॉर्म २९सीमध्ये द्यावा लागतो, आणि तो विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी. लेखापरीक्षण असलेल्या संस्थेचे विवरणपत्र ३१ ऑक्टोबरला, तर हा दाखला ३० सप्टेंबरला. विवरणपत्र वेळेत गेले नाही तर ‘क’ भागातील वजावटच नाकारली जाते. आयटीआर-५ मध्ये दोन परिशिष्टे आहेत: एएमटी हे किमान कराच्या गणिताचे आणि एएमटीसी हे जमेचे. दुसऱ्यात कर-आकलन वर्षवार ओळी असतात. कोणत्या वर्षाची किती जमा निर्माण झाली, मागे किती वापरली, या वर्षी किती वापरली आणि किती उरली. ज्या वर्षी जमा वापरावयाची नसते त्या वर्षी हे परिशिष्ट कोरे सोडण्याची सवय अनेकांना आहे, आणि तेथेच साखळी तुटते. पुढच्या वर्षी मागील शिल्लक लिहिली की केंद्रीय प्रक्रिया केंद्राच्या यंत्रणेला ती मागील विवरणपत्रात सापडत नाही, आणि कलम १४३(१) च्या सूचनेत जमा शून्य धरून मागणी काढली जाते. अशी सूचना हाती आली तर सर्वप्रथम ज्या वर्षी जमा निर्माण झाली त्या वर्षीच्या सूचनेतील आकडा तपासावा, कारण त्या वर्षीच्या नियमित करात अधिकाऱ्याने वाढ केली असेल तर जमाही तितकीच घटलेली असते, आणि तो फरक पुढील प्रत्येक वर्षात उतरतो. आकडे जुळवितानाही एक खबरदारी घ्यावी: परिशिष्टातील जमा अधिभार व उपकर धरून काढलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे उपकरासहच लिहावेत, उपकराविना काढलेला आकडा लिहिला तर भोसरीच्या संस्थेची जमा ४,०४,०४० ऐवजी ३,८८,५०० दिसेल, आणि साडेपंधरा हजार रुपये कोणाच्याही नकळत सुटून जातील.

या सभागृहात ज्यांच्या भागीदारी करारावर सह्या झालेल्या आहेत असे अनेकजण बसलेले असतील. निवृत्तीच्या कलमात भांडवल, नावलौकिक आणि त्या वर्षीचा नफा यांचा उल्लेख बहुतेक करारांत असतो. किमान कराची शिल्लक जमा निवृत्त भागीदाराच्या हिशेबात कशी धरावी, आणि ती पुढे वळती झाली तर त्याचा हिस्सा त्याला केव्हा द्यावा, याचे एक कलम आपापल्या करारात घालून घ्या. ते घालावयाचे तर सर्व भागीदार संस्थेत असताना घालावे, कारण एकदा कोणी निवृत्त झाला म्हणजे उरलेल्यांना त्याची गरज वाटत नाही.